डबा बोलल्याशिवाय गाडी सुटत नाही

अकोल्याहून अकोटकडे निघालं की जुन्या नाक्यापाशी, कडुनिंबाखाली, देवमन तायडेचं पंक्चरचं दुकान लागतं. दुकान म्हणायचं ते आपलं मोठेपणानं. चार लाकडी बल्ल्या, वर पत्रा, खाली पाण्याचं घमेलं, हवेचं मशीन आणि एक स्टूल. पाटी नाही. देवमन म्हणतो, पाटी लावायची कुणासाठी? त्याला स्वतःला ती दिसणार नाही, आणि ज्याच्या चाकातली हवा गेली तो काही पाट्या वाचत थांबत नाही.

देवमन आंधळा आहे. नऊ वर्षांचा असताना गोवर निघाला आणि गावातल्या एका जाणत्यानं डोळ्यांत कसल्याशा पाल्याचा रस पिळला. रस पिळणारा पुढं नव्वदीपर्यंत धडधाकट जगला, हे देवमन अजून दात-ओठ खाऊन सांगतो. मग अमरावतीची अंधशाळा, तिथं ब्रेल आणि तिथंच खुर्च्या विणायचं शिक्षण. खुर्च्यांचा त्याला मनस्वी कंटाळा. "दुसऱ्याच्या बुडाची सोय करत जलम नाही काढायचा मले," असं मास्तरांना तोंडावर सांगून तो सतराव्या वर्षी अकोल्याला मामाच्या पंक्चरच्या दुकानात येऊन बसला, तो आज छप्पन्न वर्षांचा झाला तरी बसलाच आहे.

आंधळा माणूस पंक्चर कसं काढतो, म्हणून सुरुवातीला लोक गंमत बघायला थांबत. त्यात गमतीसारखं काही नाही. हवा भरलेली ट्यूब तो ओठांजवळून फिरवतो. सुईएवढ्या भोकातून निघालेली हवासुद्धा ओठाला कळते. डोळस कारागीर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असतो तोवर देवमनचं ठिगळ चिकटून झालेलं असतं. घमेलं ठेवलंय ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

हाताचं काम असं चोख, पण पैसे घ्यायची वेळ आली की त्याचा जीव कातावायचा. जुन्या नोटा बोटांनी तरी ओळखता यायच्या. नव्या नोटा आल्या आणि विसाची कोणती, पन्नासाची कोणती, हे बोटं सांगेनात. वीस देऊन "पन्नास दिले" म्हणणारे भेटले, शंभर देऊन पाचशेचे सुटे मागणारे भेटले. एकानं तर घडी घालून औषधाच्या दुकानाची पावती दिली होती. तेव्हापासून देवमनचं एक वाक्य नाक्यावर प्रसिद्ध झालं: "आंधळा म्हणा नाही तं दिव्यांग म्हणा, पैसे मात्र पुरे द्या."

या सगळ्याला उतारा मिळाला तो संघपालकडून. संघपाल हा अंधशाळेतला जुना दोस्त, अमरावतीच्या एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. त्यानं देवमनला टॉकबॅक शिकवलं. फोनच्या काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलतो. हवं ते सापडलं की कुठेही दोनदा टकटक करायची. महिनाभर देवमन फोनवर चिडला, फोन देवमनवर बडबडला, आणि मग दोघांचं जमलं. पैसे पाठवायचे तर नंबर टाकायचा, समोर कुणाचं नाव येतं ते ऐकायचं, रक्कम ऐकायची आणि मगच पिन. पिनच्या वेळी कानात इयरफोन, म्हणजे आकडे शेजाऱ्याच्या कानी पडायला नकोत. संघपालनं आणखी एक खुबी दाखवली होती. पडदा लपवायची सोय चालू केली की काच काळी ठिक्कर होते आणि आतलं सगळं चालूच राहतं. डोकावणाऱ्याला अंधार, देवमनला उजेड.

या काळ्या काचेनं एका बँकेत मजा केली होती. दुकानाच्या पैशांसाठी क्यूआर काढायचा म्हणून देवमन गेला, तर खिडकीवरचा साहेब म्हणाला, "तुमच्या मुलाला आणा. तुम्हाला मोबाइलवरचं नाही जमणार. उद्या फसलात तर जबाबदारी कोणाची?"

"फसीन तं मी फसीन. तुमी फसता तवा तुमच्या पोराले इचारते का बँक?"

देवमननं मग संघपालनं पाठवलेला कागद फोनवर उघडला आणि आवाज मोठा केला. दृष्टी नाही म्हणून बँकेची कोणतीही सेवा नाकारायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना केव्हाच बजावलेलं आहे, ते फोन सगळ्या रांगेला वाचून दाखवू लागला. साहेबानं घाईनं फॉर्म पुढं केला. तरी जाता जाता खुमखुमी गेली नाही. म्हणाला, "बरं, माझ्यासमोर एक पेमेंट करून दाखवा." देवमननं संघपालला दहा रुपये पाठवले. साहेब म्हणाला, "अहो, तुमचा फोन तर बंद आहे!" तेवढ्यात संघपालचाच फोन आला, "दहा रुपये कायचे बे?" रांग अशी हसली की साहेबाला पाणी प्यावं लागलं.

तर असा तो क्यूआर आला, देवमनच्या स्वतःच्या नावाचा. एक प्लॅस्टिकची पाटी आणि तिच्याबरोबर बोलणारा डबा. कुणी पाटी स्कॅन करून पैसे दिले की डबा खड्या आवाजात सांगणार, "पन्नास रुपये मिळाले." पाटी त्यानं बल्लीला स्क्रूनं आवळली. तिची सुलटी बाजू कळावी म्हणून खालच्या उजव्या कोपऱ्याला ट्यूबचं नखाएवढं ठिगळ सोल्यूशननं चिकटवलं. डबा रोज संध्याकाळी घरी न्यायचा, चार्ज करायचा आणि सकाळी आणायचा. आणि एक नियम केला. गाडीच्या चाकाचा शेवटचा नट तो मुठीत धरून ठेवी. डबा बोलला की नट आवळायचा. डबा नाही बोलला तर गाडी नाही. यात मंत्र्याची गाडी असो की पाव्हण्याची.

पण घरचं माणूस पाठीशी नसलं की बाहेरची लढाई जिंकून काय उपयोग? धम्मदीप, देवमनचा एकुलता एक, अमरावतीला मोबाइलच्या दुकानात कामाला. पोरगा गुणी, बापावर जीव टाकणारा, आणि तोच खरा घोटाळा. त्याला सतत वाटायचं, बाबा फसतील. गेल्या महिन्यात बाबा फसले नाहीत, पण चुकले. ट्यूबांच्या घाऊक व्यापाऱ्याला अठराशे रुपये पाठवताना एक आकडा इकडचा तिकडं झाला. फोननं समोरच्याचं नाव सांगायला सुरुवात केली होती. नेमका रस्त्यावर ट्रकनं हॉर्न धरला आणि देवमननं नाव पुरतं न ऐकताच पुढं टकटक केली. पैसे गेले चिखलदऱ्याला, कॉफी विकणाऱ्या एका भल्या माणसाकडं. त्यानं चार दिवसांनी परत केले आणि वर आग्रहानं कॉफी प्यायला बोलावलं. पैसे आले, पण धम्मदीपला निमित्त मिळालं ते मिळालंच.

"बाबा, दुकान तुमचंच हाय. फक्त क्यूआर माह्या नावावर करू. पैसे माह्या खात्यात येतीन, मी आईच्या हाती देत जाईन. तुमाले डोक्याले ताप नाही."

"अन् डबा?"

"डबा राहीन की तुमच्यापाशी. बोलत राहीन."

म्हणजे डबा बोलणार देवमनच्या कानाशी आणि पैसे जाणार दुसऱ्याच्या खिशात. पोटचा पोरगा असला म्हणून काय झालं? त्या रात्रीच्या जेवणात देवमनला भाकर गोड लागली नाही. त्याला आठवलं, बसमध्ये कंडक्टर त्याचे सुटे नेहमी सोबतच्या माणसाच्या हातात देतात. डॉक्टर त्याच्याच पोटाचं दुखणं त्याच्या बायकोला विचारतात. जन्मभर त्याच्याबद्दल बोलणं त्याच्या डोक्यावरून झालेलं. एवढी एक पाटी त्याच्या नावाची होती. पण चूक त्याचीच होती, आणि खोटं बोलायची सवय नव्हती. शेवटी ठरलं असं: आणखी एक चूक झाली तर क्यूआर धम्मदीपच्या नावावर. धम्मदीप येत्या बुधवारी येतो म्हणाला. बुधवारी त्याच्या दुकानाला सुट्टी असते.

तो बुधवार उजाडला. मे महिन्याचा शेवट, सकाळी नऊलाच पत्रा तापून कडकड वाजू लागलेला. देवमननं डबा चालू केला. डब्यानं नेटवर्क मिळाल्याचं सांगितलं. पहिल्या दोन गिऱ्हाइकांनी सायकलीत हवा भरून घेतली आणि नाणी दिली. नाण्यांचं काही नाही, ती बोटांशी इमानदार असतात.

मग एक मोटरसायकल घसटत आली. तिच्याबरोबर अत्तराचा असा घमघमाट आला की देवमन मनातल्या मनात म्हणाला, हा सोयरीक पाहायला निघाला. तसंच होतं. माणूस पुतण्यासाठी मुलगी बघायला तेल्हाऱ्याला चालला होता. मंडळी पुढं गेली होती आणि काकाच मागं राहिले होते.

"लवकर करा भाऊ, तिकडं पोहे थंडे होऊन राहिले!"

देवमननं मागचं चाक काढलं, ट्यूब ओठांपाशी फिरवली, टायरच्या आतून चिंध्या गुंडाळलेलं बोट फिरवून बाभळीचा काटा काढला, घासलं, ठिगळ लावलं, चाक बसवलं. नट मुठीत. "पन्नास."

गिऱ्हाइकानं पाटी स्कॅन केली. त्याच्या फोनमधून टुंग असा आवाज आला. "दिले. चला."

डबा गप्प.

देवमन थांबला. कधी कधी नेटवर्क रेंगाळतं. त्यानं मनात वीस मोजले. डबा गप्पच.

"थांबा जरा. डबा नाही बोलला."

"अहो, गेले पैसे! हे पाहा, हिरवी खूण आली."

"पाहाले डोळे असते तं पाह्यलं असतं. मी आयकतो. नाही आलं आयकू."

"मंग आता मी खोटं बोलून राहिलो काय? नट द्या इकडं!"

शेजारच्या टपरीतून हरिहर जोशी हसले. हरिहरभाऊंचा झेरॉक्स आणि फॉर्म भरून द्यायचा धंदा. वडील भिक्षुकी करायचे, यांनी संगणक धरला. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याच्या भांडणात तोंड घातल्याशिवाय चहा पचत नाही. बारावीचा निकाल लागल्यापासून त्यांच्याकडं पोरापोरींची ही झुंबड.

"अरे देवमन, सोड की त्यांना. तुझा डबा बिघडला असेल. माझ्याकडं सकाळपासून तीस-पस्तीस जणांनी दिले, मी कुणाला अडवलं का? हिरवी खूण दिसली की संपलं. आता तुला ती दिसत नाही, त्याला ते तरी काय करणार?"

ही शेवटची गोष्ट देवमनला झोंबली. आणि खरं सांगायचं तर त्याला शंकाही आली. डबा खरंच बिघडला असेल तर? आपणच चार्जिंगला नीट लावला नसेल तर? तासाभरात धम्मदीप येईल आणि म्हणेल, ही पाहा दुसरी चूक. पन्नास रुपयांचा तर प्रश्न. सोडून द्यावेत, नट आवळावा, कुणाला काय कळणार? पोराला कळणार नाही, बायकोला कळणार नाही.

"मले तं कळन," देवमन स्वतःशीच म्हणाला, आणि मूठ आणखी आवळली.

त्यानं आधी डबा तपासला. मागचा व्यवहार पुन्हा सांगायचं बटण असतं ते दाबलं. डबा ठणठणीत बोलला, "साठ रुपये मिळाले." ते कालचे शेवटचे. म्हणजे घसा शाबूत. मग फोन काढला, काच काळी, इयरफोन न लावता सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज ठेवला आणि बोट फिरवलं. फोननं आलेल्या पैशांची यादी वाचली. सगळ्यात वर काल संध्याकाळचे साठ. आजचं काही नाही.

"डबा चांगला हाय. खात्यातबी आले नाहीत. आता तुमी एक काम करा. तुमच्या फोनवर पैसे कोनाले गेले ते नाव वाचा."

"नाव? नाव कोन वाचते?"

"कोनी वाचत नाही ना? म्हनूनच वाचा."

अत्तरवाल्यानं कुरकुरत फोन डोळ्यांजवळ नेला. आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. कुठल्याशा एका बाईचं नाव होतं. त्यात देवमन नव्हता आणि तायडेही नव्हतं.

देवमन उठला, बल्लीपाशी गेला आणि पाटीवर तळहात फिरवला. रोज प्लॅस्टिक लागायचं तिथं गुळगुळीत कागद लागला. अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्याकडं नेला. त्याचं रबराचं ठिगळ तिथंच होतं, पण कागदाच्या खाली, पांघरूण घेऊन झोपलेल्या पोरासारखं उंच आलेलं. ज्यानं कुणी कागद चिकटवला त्याला घाईत ते टेंगूळ दिसलंही नसेल. दिसलं असतं तरी त्याचा अर्थ कळला नसता.

देवमनचं डोकं सणकलं. आंधळ्याच्या दुकानात चोरी करायची तर निदान आंधळ्याइतकी अक्कल घेऊन तरी यायचं!

"हरिहरभाऊ, माह्या पाटीवर कोनी तरी आपला कागद चिपकवला. पैसे सारे त्याच्या खात्यात चालले. तुमची पाटी पाहा."

"माझी? छे! माझ्याकडं सगळ्यांचे नीट आले."

"तुमचा डबा बोलला का?"

हरिहरभाऊ डबा शोधू लागले. कागद उचकल्याचा, फाइली पडल्याचा आवाज आला. त्यांचा डबा फॉर्मांच्या गठ्ठ्याखाली होता. दिवसभर कटकट नको म्हणून त्यांनी आवाज पार शून्यावर नेलेला. मग नखानं काही खरवडल्याचा आवाज, आणि मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. हरिहर जोशी गप्प बसले आहेत, हे नाक्यावर पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

समोर आलूबोंडे तळणारी पार्बताबाई धावत आली. तिच्याकडं डबा नव्हता, नुसतीच पाटी. "भाऊ, माह्या पाटीले हात लावून पाहा ना! मले काही समजून नाही राहिलं." देवमननं तिच्या पाटीच्या कडेवरून नख ओढलं. नख अडकलं. तिथंही कागद. बाईनं तिथंच कपाळावर हात मारला आणि त्या अज्ञात चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वऱ्हाडी बाई तोंड उघडते तेव्हा काही मागं ठेवत नाही.

नेमका याच वेळी अमरावतीहून आलेला धम्मदीप नाक्यावर उतरला. खांद्याला पिशवी, पिशवीत नवीकोरी पाटी, त्याच्या नावाची. गर्दी बघून तो धावतच आला. काय झालं ते चार तोंडांनी एकदम सांगितलं आणि त्यानं त्यातलं हवं तेवढंच ऐकलं.

"पाहा बाबा, मी म्हनत होतो! कोनीबी येते अन् तुमच्या दुकानात कागद चिपकवून जाते. तुमाले कसं दिसन? आता तरी आयका. मी नवीन पाटी आनली हाय."

एवढा वेळ देवमननं परक्यांपुढं धरून ठेवलेला आवाज पोरापुढं फुटला.

"धम्या, तुले डोळे हाय ना? मंग पाह्य. हरिहरभाऊले डोळे हाय, चष्मा बी हाय. पार्बताबाईले डोळे हाय. साऱ्यांच्या पाट्यांवर तोच कागद. कोनाले दिसला? सकाळपासून दिसला का कोनाले? या नाक्यावर तो पहिला कोनाले सापडला, इचार त्याईले!"

पार्बताबाईनं तोंड उघडलं. "तुह्या बापाले सापडला रे बापा. त्यानं गाडी अडवून धरली म्हनून सापडला. नाही तं आमी सांजवरी लुटून घेतलं असतं." हरिहरभाऊ काउंटरमागून नुसते "हो" म्हणाले. त्या एका शब्दाला त्यांना फार जोर लावावा लागला.

पुढचं काम देवमननं भराभर लावून दिलं. आधी पाट्यांचे फोटो काढा, मग कागद उपटा, नाही तर पुरावा जाईल. एकोणीसशे तीसला फोन लावा, सायबर फसवणुकीची तक्रार तिथंच होते. पैसे ज्याचे गेले त्यानं स्वतः सांगायचं, व्यवहाराचा नंबर वाचायचा. अत्तरवाल्याचा नंबर आला तेव्हा तो चाचरत म्हणाला, "भाऊ, मी तुमाले खोटारडं ठरवून राहिलो होतो. तुमचे पन्नास परत देतो."

"नको. पाटी माही, धोका माह्या दुकानात झाला. पन्नास माहे बुडाले, चालन. तक्रार मात्र तुमच्या नावानं होऊ द्या, पैसे तुमच्या खात्यातून गेले." देवमननं मूठ उघडली. घामेजलेला नट चाकाला लावला आणि पान्यानं करकचून आवळला. "जा आता. पोहे गरम करून मांगजा. अन् पुढं पैसे देतानी नाव वाचत जा."

मोटरसायकल गेली, अत्तर गेलं. हरिहरभाऊ फोन कानाला लावून आपली तक्रार सांगत बसले. त्यांच्या तीस-पस्तीस गिऱ्हाइकांना आता एकेक करून गाठायचं होतं. देवमननं पाटीवरचा कागद नखानं सोलला. खालून ओळखीचं प्लॅस्टिक लागलं. कोपऱ्यातलं ठिगळ अर्धं उखडलं होतं. ते त्यानं काढलं, घासकागदानं जागा घासली, ताजं सोल्यूशन लावलं, फुंकर मारली आणि नवं ठिगळ दाबून बसवलं. एखाद्या ट्यूबला लावावं तसं, मन लावून. धम्मदीप शेजारी उभा होता. त्याच्या पिशवीतली पाटी हालचालीबरोबर आत खडखडत होती.

"धम्या, फोन काढ. ही पाटी चालते का पाहू. एक रुपया टाक."

धम्मदीपनं फोन धरला. थोडा वेळ गेला.

"काय आलं?"

"आलं... नाव आलं."

"कोनाचं?"

"तुमचं."

"मोठ्यानं वाच. हरिहरभाऊले आयकू जाऊ दे. पार्बताबाईले बी."

आता सगळा नाका ऐकत होता. पोरगा आधी घुटमळला. लाज वाटली म्हणून नव्हे. बापाचं पूर्ण नाव त्यानं असं भर रस्त्यात कधी उच्चारलंच नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर ते होतं, तेही स्वतःच्या नावामागं उभं असलेलं. मग त्यानं घसा साफ केला आणि वाचलं, "देवमन सखाराम तायडे."

"आता पिन टाक."

डबा बोलला, "एक रुपया मिळाला."

तापलेल्या पत्र्याखाली तो खडा आवाज पार समोरच्या कढईपर्यंत गेला. धम्मदीपला वाटलं बाबा हसतील, पण बाबा हसले नाहीत. नुसते उभे राहिले, पाटीच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून.

"बाबा," धम्मदीप म्हणाला. "ही पिशवीतली पाटी मी वापस करून टाकतो. चुकलं माहं."

"चूक होते बेटा. माहीबी झाली होती, चिखलदऱ्यापर्यंत गेली. पन मी नाव बदलून मांगतलं नव्हतं कोनाचं." देवमन स्टुलावर बसला आणि घमेल्यात हात धुतले. समोरून पार्बताबाई ओरडली, उद्यापासून रोज सकाळी भाऊंनी तिच्या पाटीवर एकदा नख फिरवायचं, बदल्यात एक आलूबोंडा. मागून हरिहरभाऊंचा घसा खाकरल्याचा आवाज आला. त्यांनाही तेच हवं होतं, पण मागता येत नव्हतं.

"तुमचीबी पाहीन हरिहरभाऊ," देवमन तिकडं न वळता म्हणाला. "पन आधी डब्याचा आवाज वाढवा."

डब्याचं बटण पाच-सहा वेळा टकटक वाजलं. रस्त्यावरून एक स्कूटर चाक घासत येत होती, आवाजावरून पुढचं चाक. देवमननं हातातला पाना सरळ केला. धम्मदीप बापाशेजारी उकिडवा बसला आणि बऱ्याच वर्षांनी त्यानं टायर धरायला हात पुढं केला.

"बाबा, तो माहा रुपया?"

"तो नाही भेटत," देवमन म्हणाला. "तो देवमन सखाराम तायडेच्या खात्यात गेला."